मॉनिटर तुमचीच नक्कल करतो

दोन शिक्षकी शाळेत आठवड्यातून एकदा तरी असं होतंच. सर केंद्रावर मीटिंगला गेलेले असतात आणि बाई पहिली-दुसरीची मुलं घेऊन एका खोलीत बसलेल्या असतात. शेजारच्या खोलीत तिसरी-चौथीचा वर्ग मॉनिटरच्या ताब्यात असतो. वाशिंदपासून किन्हवली, डोळखांबपर्यंत आणि पलीकडे मुरबाडच्या सरळगाव, टोकावड्याकडच्या शाळांत काम करणाऱ्यांना हे चित्र नवं नाही. अशा वेळी आत न जाता पाच मिनिटं व्हरांड्यात उभं राहून बघा. मॉनिटर डस्टर टेबलावर आपटतो. फळ्याच्या कोपऱ्यात ‘बोलणाऱ्यांची नावं’ लिहितो. एक हात कमरेवर ठेवून, मान किंचित तिरकी करून म्हणतो, “काय चाललंय तिकडं?” त्या वाक्याची चाल, शेवटचा हेल आणि मानेचा कोन, सगळं तुमचं असतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही तर नाहीच नाही.

डी.एड. किंवा बी.एड.ला आपण सामाजिक अध्ययन उपपत्ती पाच गुणांसाठी पाठ केलेली असते. अल्बर्ट बांडुरा, बोबो बाहुला, चार टप्पे, की झालं. पुढे नोकरीत ती कुठे उपयोगाला येते हे कुणी सांगत नाही. ती उपयोगाला येते ती या मॉनिटरपाशी. वर्गात आपण काय शिकवलं हे चाचणीत कळतं. आपल्याकडे बघून मुलं काय शिकली हे कळायचं असेल, तर मॉनिटर बघावा, नाहीतर सुट्टीत मुली आंब्याखाली ‘शाळा शाळा’ खेळतात तो खेळ बघावा.

आधी बाहुल्याचं बघू, कारण त्या प्रयोगाचा अर्धाच भाग आपल्या लक्षात राहिलेला असतो. बांडुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1961 साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतली 72 मुलं घेतली. काही मुलांसमोर एका मोठ्या माणसाने हवा भरलेल्या बाहुल्याला हातोडीने बडवलं, लाथा मारल्या, काही ठरावीक शब्द उच्चारले. नंतर त्या मुलांना तसाच बाहुला असलेल्या खोलीत सोडलं, तेव्हा त्यांनी तेच प्रकार, पुष्कळदा त्याच शब्दांसह, करून दाखवले. इथवर सगळ्यांना माहीत असतं. शिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रयोग मात्र 1965 चा आहे. त्यात मुलांना हाच प्रकार चित्रफितीवर दाखवला, पण शेवट तीन प्रकारचे होते. एका गटाने पाहिलं की मारणाऱ्याला खाऊ आणि शाबासकी मिळाली. दुसऱ्याने पाहिलं की त्याला रागावलं गेलं, शिक्षा झाली. तिसऱ्या गटाच्या चित्रफितीत पुढे काहीच झालं नाही. शिक्षा झालेली पाहणाऱ्या मुलांनी नंतर नक्कल कमी केली. इथे थांबलो असतो तर म्हटलं असतं, ही मुलं ते शिकलीच नाहीत. पण बांडुरा थांबले नाहीत. त्यांनी सगळ्याच मुलांना सांगितलं, त्या माणसाने काय काय केलं ते करून दाखवलंत तर सरबत आणि चित्रं मिळतील. तिन्ही गटांनी जवळजवळ सारखंच करून दाखवलं. शिकली सगळीच होती, फक्त काहींनी ते आत ठेवलं होतं.

म्हणून “आमच्या वर्गात असं कुणी करत नाही” या वाक्यावर फार विसंबू नये. तुमच्यासमोर मूल डस्टर आपटत नाही, कारण तुमच्यासमोर ते आपटण्याचा अधिकार त्याला नाही. ज्या दिवशी मॉनिटरपद मिळतं, त्या दिवशी साठवलेलं बाहेर येतं. इथे एक सावधगिरीही हवी. बोबो बाहुला हा मुळात मारला की आपोआप उभा राहणारा, मारण्यासाठीच बनवलेला बाहुला होता आणि पाहणं व करणं यांत काही मिनिटांचंच अंतर होतं. त्यावरून “मुलं जे बघतात ते करतातच” असा निष्कर्ष काढणं चूक ठरेल. मुलं बघतात त्यातलं फार थोडं करतात. कोणतं करतात, हे समजून घेण्यासाठी त्या चार टप्प्यांकडे यावं लागतं.

बांडुरांच्या मांडणीत पाहून शिकण्याला चार गोष्टी लागतात. मुलाचं लक्ष तिथे हवं. पाहिलेलं त्याच्या डोक्यात चित्राच्या किंवा शब्दांच्या रूपात टिकायला हवं. ते करण्याची ताकद आणि साधनं त्याच्यापाशी हवीत. आणि करावंसं वाटायला काही कारण हवं. चारांतली एक जरी नसली तरी नमुना वाया जातो. हे कोरडं वाटेल, म्हणून जेवणाआधी हात धुण्याचं उदाहरण घेऊ.

परिपाठात हात धुण्याचं महत्त्व सांगून झालेलं असतं, भिंतीवर तक्ता असतो, पायऱ्या मुलांना पाठ असतात. तरी खिचडीची घंटा झाली की मुलं हातावर पाण्याचा एक शिंतोडा उडवून ताट धरतात. त्या वेळी शिक्षक कुठे असतात ते बघा. बहुतेक शाळांत ते ऑफिसात आपला डबा उघडत असतात. हात त्यांनीही धुतलेले असतात, पण मागच्या बाजूला, मुलांच्या नजरेआड. म्हणजे मोठा माणूस जेवायच्या आधी हात धुतो, हे दृश्य मुलांनी शाळेत कधी पाहिलेलंच नाही. त्यांनी पाहिलंय ते एवढंच, की मोठा माणूस हात धुवायला सांगतो. आणि तेच मुलं बरोबर उचलतात. मॉनिटर रांगेपुढे उभा राहून “हात धुवा रे” असं ओरडतो आणि स्वतः न धुता ताट घेतो.

जेम्स ब्रायन आणि नॅन्सी वॉलबेक यांनी 1970 साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास नेमका याच गोष्टीवर आहे. मुलांनी खेळात बक्षीस मिळवलं आणि त्यातलं गरजू मुलांना द्यावं की नाही, हे त्यांच्यावर सोडलं. त्याआधी त्यांनी एका मोठ्या माणसाला पाहिलं होतं. तो कधी दानाचा उपदेश करायचा, कधी स्वार्थाचा. कधी प्रत्यक्ष द्यायचा, कधी सगळं स्वतःकडे ठेवायचा. मुलांच्या देण्यात फरक पडला तो त्याच्या कृतीने. उपदेशाने जवळजवळ काही झालं नाही.

तेव्हा पहिली दुरुस्ती अगदी साधी. डबा घेऊन मुलांच्याच नळावर या. रांगेत मध्ये कुठेतरी उभे राहा, पुढे नको. साबण लावताना तोंडाने बोला: “तळवे झाले, आता बोटांच्या फटी, आता नखं, मनगट.” हे बोलणं दुसऱ्या टप्प्यासाठी लागतं. नुसतं पाहिलेलं दृश्य चौथीच्या मुलाच्या डोक्यात फार वेळ टिकत नाही, त्याला शब्दांची खुंटी मिळाली की टिकतं. वीस सेकंद लागतात. रोज, त्याच जागी, त्याच क्रमाने. दोन-तीन दिवसांनी नवल संपेल आणि कुणी बघेनासं होईल. ते चालतं. मूल सरळ न बघता, पाणी पिताना, भांडताना, कडेकडेने बघत असतं.

मग तिसरा टप्पा, साधनांचा. इथे शहापूर तालुक्याची गोष्ट वेगळी आहे. तानसा आणि भातसा ही धरणं याच तालुक्यात, त्यांचं पाणी मुंबईला जातं आणि मार्च-एप्रिलपासून पाड्यांवर टँकरची वाट बघावी लागते. शाळेची टाकी कोरडी असेल तर सरांच्या हात धुण्याचा नमुना कितीही चांगला असो, मुलांना तो करता येणार नाही. उलट सरांनी स्वतःच्या बाटलीतून हात धुतले तर मुलं वेगळंच शिकतील, की स्वच्छता ही ज्याच्याकडे पाणी आहे त्याची गोष्ट आहे. यावर उपाय आहे. पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन घ्यायचा, तळापासून दोन बोटं वर गरम खिळ्याने भोक पाडायचं, तोच खिळा त्यात बसवायचा आणि कॅन मुलांच्या छातीएवढ्या उंचीवर टांगायचा. झाकण घट्ट लावलं की धार अगदी बारीक होते, थोडं सैल केलं की वाढते. खिळा ओढला की धार, लावला की बंद. अगदी कमी पाण्यात एकाचे हात धुऊन होतात. पण तुम्हीही त्याच कॅनवर हात धुवायचे, नाहीतर तो ‘पोरांचा कॅन’ होतो.

चौथ्या टप्प्यावर बहुतेक जण बक्षीस आणतात. सर्वांत स्वच्छ मुलाला चॉकलेट, टाळ्या, फलकावर नाव. माझं मत विचाराल तर इथे त्याची गरज नाही आणि काही वेळा तोटाच होतो, कारण चॉकलेट थांबलं की हात धुणंही थांबतं. बांडुरांचा मुद्दा बारीक आहे: मुलाला स्वतःला काही मिळालं पाहिजे असं नाही, दुसऱ्याला काय मिळालं हेही त्याला पुरतं. रांगेत मुलीने हात धुतले आणि वाढणाऱ्या ताई तिला सहज म्हणाल्या, “आण ताट, तुझे हात झालेत ना,” तर मागच्या दहा जणांनी ते ऐकलेलं असतं. तेवढं बास आहे. त्यासाठी ताईंना आधी विश्वासात घ्यावं लागेल, हे आपण नेहमी विसरतो.

मराठी वाचकाला इथे अमळनेर आठवेल. साने गुरुजी 1924 साली तिथल्या प्रताप हायस्कुलात शिक्षक झाले आणि छात्रालयाचं काम त्यांच्याकडे आलं. मुलांच्या पसरलेल्या खोल्या ते स्वतः आवरायचे, त्यांचे मळके कपडे धुवायचे. बोलायचे नाहीत. मुलं ओशाळली आणि हळूहळू आपलं आपण करू लागली. ही गोष्ट आपण गुरुजींच्या मोठ्या मनाची म्हणून सांगतो आणि पुढे जातो. पण ती का चालली याकडे जरा बारकाईने बघा. गुरुजी त्याच छात्रालयात मुलांसोबत होते, म्हणजे तीच कृती मुलांना रोज दिसत होती. झाडू आणि पाणी मुलांच्याही हाताशी होतं. आणि गुरुजींवर त्यांचा जीव होता, म्हणून ओशाळण्यात बळ होतं. यातलं शेवटचं नसेल तर हाच प्रयोग उलटतो. तुटक वागणाऱ्या शिक्षकाने मुलांचा कचरा मुकाट उचलला तर मुलं एवढंच शिकतात, की कचरा उचलणारं कुणीतरी असतं. म्हणून वर्गात पडलेला कागद उचलताना आधी सवय नात्याची लावा, मग झाडूची.

हात धुणं किंवा कागद उचलणं डोळ्यांना दिसतं. शाळेतलं पुष्कळसं काम मात्र डोक्यात होतं, आणि डोक्यातलं काम बघून शिकता येत नाही, असं आपण गृहीत धरतो. हातच्याची वजाबाकी घ्या. फळ्यावर 52 उणे 27 लिहिलं. तुम्ही झरझर 25 लिहून मोकळे. मुलांनी काय पाहिलं? पाचावर एक काट, वर लहानसा चार, दोनाशेजारी एक, आणि उत्तर. हे का झालं ते तुमच्या डोक्यात घडलं आणि तिथेच राहिलं. मग वहीत 35 येतं, कारण मूल एककाच्या घरात सातातून दोन काढतं. मोठ्यातून लहान वजा करायचं, एवढंच त्याच्या मनात पक्कं आहे. कोण वर, कोण खाली, याची त्याला फिकीर नाही.

डेल शंक आणि हॅन्सन यांनी 1985 साली याच हातच्याच्या वजाबाकीवर काम केलं. वजाबाकीत अडलेली, आठ ते दहा वर्षांची मुलं. काहींनी आपल्याएवढ्या मुलाला ती करताना चित्रफितीवर पाहिलं, काहींनी शिक्षकाला, काहींनी कुणालाच नाही. शिकवणी सगळ्यांना मिळाली. ज्यांनी आपल्यासारख्या मुलाला पाहिलं त्यांचा “मला जमेल” हा भरवसा सर्वांत जास्त वाढला आणि त्यांची गणितंही सर्वांत जास्त सुटली. शिक्षकाला पाहणाऱ्यांचं त्याखालोखाल. कारण उघड आहे. सरांना वजाबाकी येते यातून मुलाला स्वतःविषयी काहीच कळत नाही. सरांना सगळंच येतं.

हे आपल्या वर्गात असं करून बघता येईल. चौथीतली अशी मुलगी शोधा जिला दोन आठवड्यांपूर्वी हीच वजाबाकी येत नव्हती आणि आता येते. हुशार म्हणून गाजलेली नको. तिला सुट्टीत पाच मिनिटं घेऊन बसा आणि सांगा, फळ्यावर करताना डोक्यात जे जे येतं ते मोठ्याने बोलायचं, आधी काय चुकत होतं तेही. ती घरी ठाकरी किंवा कातकरी बोलत असेल तर तिच्या बोलीतच बोलू द्या. ऐकणाऱ्यांतली निम्मी तिच्याच पाड्यावरची असतात. मग तिला वर्गासमोर उभं करा. टेबलावर दहा-दहा काड्यांच्या पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या ठेवा. ती साधारण असं बोलेल: “दोनातून सात काढायचेत. जात नाहीत. मी आधी सातातूनच दोन काढायची, मग पस्तीस यायचे. पण काढायचंय वरच्यातनं. माझ्याकडं सुट्या दोनच. म्हणून एक जुडी सोडते. आता जुड्या चार, सुट्या बारा. बारातनं सात गेले, पाच. चारातनं दोन गेले, दोन. पंचवीस. पंचवीस नि सत्तावीस किती? बावन्न. बरोबर.” काड्या आणि आकडे एकाच वेळी हलले पाहिजेत, जुडी सोडली त्याच क्षणी फळ्यावरच्या पाचाचा चार झाला पाहिजे.

यात तीन ठिकाणी बिघडतं. पहिलं, शिक्षक मध्ये बोलतात. ती अडखळली की आपण शब्द पुरवतो आणि नमुना पुन्हा आपला होतो. तिचं अडखळणं आणि त्यातून बाहेर येणं हाच तर नमुना आहे, त्याला वेळ द्या. दुसरं, पहिल्या नंबराचीच मुलगी निवडली जाते, कारण तिच्यावर भरवसा असतो. ती सफाईने करते आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, “ती हुशारच हाये.” झालं, मागच्या बाकाचं शिकणं तिथेच थांबलं. तिसरं, नंतर लगेच कौतुक होतं आणि सराव राहून जातो. तिने केल्यावर लगेच सगळ्यांना 63 उणे 28 द्या. उत्तर 35. वहीत 45 दिसलं तर त्या मुलाने अजून आठातून तीन काढलेत, त्याला काड्यांकडे परत न्या. दोन दिवसांनी काड्यांशिवाय 41 उणे 16 द्या. 25 आलं तर ठीक, 35 आलं तर पाहिलेलं टिकलेलं नाही. आणखी एक खूण आहे, ती उत्तरापेक्षा मोलाची: मुलं स्वतःशी पुटपुटत गणित करतात का? “एक जुडी सोडते” हे शब्द ओठांवर दिसले तर नमुना आत गेला.

आता याच्या अगदी जवळची पण उलट परिणाम करणारी एक गोष्ट. मुलाला धीर द्यावा म्हणून पुष्कळ शिक्षिका आणि शिक्षकही म्हणतात, “अरे, गणित मलाही नाही यायचं.” हेतू चांगला असतो. वर सांगितलेल्या मुलीनेही आपलं आधी चुकायचं हे सांगितलं होतं, पण ती तिथे थांबली नाही, पुढची वाट तिने दाखवली. नुसत्या कबुलीत वाट नसते. सायन बायलॉक आणि सहकाऱ्यांनी 2010 साली पहिली-दुसरीच्या 17 शिक्षिकांच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या सुरुवातीला शिक्षिकेच्या गणिताच्या धास्तीचा आणि मुलांच्या गणिताचा काही संबंध दिसला नाही. वर्षअखेरीस मात्र ज्या बाईंना धास्ती जास्त, त्यांच्या वर्गातल्या मुली ‘गणित मुलांचं, वाचन मुलींचं’ असं मानण्याकडे जास्त झुकलेल्या होत्या, आणि तसं मानणाऱ्या मुलींचं गणितही कच्चं राहिलं. मुलांवर हा परिणाम दिसला नाही. मुलींनी बाईंकडे बघताना ‘ही माझ्यासारखी’ म्हणून बघितलं, यात सगळं आलं. तेव्हा बाईंनी हिशेब वर्गासमोर, मोठ्याने, सावकाश करावा. पोषण आहाराच्या तांदळाची नोंद घ्यायची असेल तर ती मुलींच्या देखत फळ्यावर करावी आणि चुकलं तर खोडून पुन्हा करावं. त्यासाठी वेगळा तास नको.

परत मॉनिटरकडे येऊ, कारण सर्वांत जास्त नक्कल शिस्तीची होते. जेकब कौनिन आणि पॉल गम्प यांनी 1950 च्या दशकात बालवर्गांत बसून टिपलं होतं, की शिक्षिका एका मुलाला रागावते तेव्हा त्याचा परिणाम बघणाऱ्या बाकीच्यांवर काय होतो. काय करायचं हे स्पष्ट सांगितलं तर बघणारी मुलंही त्याप्रमाणे वागत. जोरात, रागाने, हात धरून ओढत सांगितलं तर बघणारी मुलं बावरत, त्यांचं कामातलं लक्ष उडे, शिस्त काही सुधारत नसे. तीस पटाच्या वर्गात एकाला बोललेलं वाक्य एकोणतीस जण शिकतात. आणि ते शिकतात ती तुमची पद्धत, तुमचा मुद्दा नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या 17 व्या कलमाने मारण्याला आणि मानसिक छळाला मनाई केली आहे, त्यामुळे छडी बहुतेक वर्गांतून गेली. नावं लिहिणं, उभं करणं, नक्कल करून हसवणं मात्र राहिलं आहे, आणि मॉनिटर तेच चालवतो.

मॉनिटरला “तू ओरडू नकोस” असं सांगून हे बदलत नाही. त्याच्याकडे दुसरी पद्धतच नसते. ती आधी तुमच्याकडे दिसली पाहिजे. साधारण दोन आठवडे एवढंच करा: गोंगाट झाला की खुर्चीतून न बोलता उठायचं, त्या बाकापाशी जायचं, खाली वाकून हळू आवाजात काय करायचं ते सांगायचं. “पान बारा. तिसरं गणित.” काय करू नको हे सांगायचं नाही. दोन आठवड्यांनी मॉनिटरला बाजूला घ्या आणि विचारा, “मी काय करतो बघितलंस का?” तो बरोबर सांगेल, मुलं आपल्याला आपल्यापेक्षा जास्त ओळखतात. मग त्याला तुमच्या समोर दहा मिनिटं वर्ग सांभाळू द्या, मगच एकटं सोडा. फळ्यावरची नावं बंद करा. मॉनिटर दर आठवड्याला बदला, कारण आजवर ज्याचं नाव लिहिलं गेलं त्यालाही दुसरी पद्धत वापरून बघायला मिळाली पाहिजे.

उशिराचंही थोडक्यात. कल्याण, डोंबिवलीहून येणाऱ्या शिक्षकांचं घड्याळ कसारा लोकलच्या हातात असतं. वाशिंद किंवा आसनगावला उतरून पुढे जीप नाहीतर मोटारसायकल. गाडी रखडली की उशीर होतो, त्यात तुमचा दोष नाही. पण पाड्यावरच्या मुलाला लोकल दिसत नाही. त्याला एवढंच दिसतं, की उशिरा आलेला मुलगा दाराबाहेर उभा राहतो आणि उशिरा आलेले सर सरळ खुर्चीत बसतात. वेळ ही लहानांनी पाळायची गोष्ट आहे, हा नियम त्याच्या डोक्यात तयार होतो. उशीर झाला तर मुलांकडून जे अपेक्षित आहे तेच करा: दारात थांबून कारण सांगा, बुडालेली पंधरा मिनिटं कधी भरून काढणार ते सांगा, आणि त्या दिवशी ती खरोखर भरून काढा.

या सगळ्याला एक मोठी मर्यादा आहे, ती लपवून उपयोग नाही. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि मुलं बरोबर जातात. पुढचे काही महिने त्यांच्यासमोर नमुना असतो तो भट्टीवरचा. परत आल्यावर त्यांच्यात शाळेच्या सवयी दिसल्या नाहीत, तर ती विसरली असं समजू नका. 1965 चा प्रयोग आठवा: आत आहे, बाहेर यायला कारण नाही. अशा मुलाला नव्याने सूचना देत बसण्यापेक्षा त्याच्याच पाड्यावरच्या, न गेलेल्या मुलाशेजारी आठवडाभर बसवा. बऱ्याच गोष्टी न सांगता परत येतात. ज्या येत नाहीत, त्याच पुन्हा शिकवायच्या.

शेवटी आपल्याविषयी. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डॅन लॉर्टी यांनी 1975 साली दाखवून दिलं, की शिक्षक प्रशिक्षणाला येण्याआधी हजारो तास विद्यार्थी म्हणून शिक्षकांकडे बघत बसलेला असतो, आणि ही उमेदवारी प्रशिक्षणापेक्षा भारी ठरते. आपण डस्टर आपटतो तेही कुणाचं तरी बघून. त्यामुळे हे बदलायचं तर तेही बघूनच बदलेल. केंद्राच्या शिक्षण परिषदेत पीपीटीवर ‘प्रभावी वर्गव्यवस्थापन’ दाखवून होत नाही. तेव्हा वाशिंद, शहापूर आणि मुरबाडच्या केंद्रप्रमुखांना एक विनंती: पुढच्या शिक्षण परिषदेतला अर्धा तास एखाद्या शिक्षकाला त्याच शाळेच्या खऱ्या मुलांसमोर तास घ्यायला द्या. बाकीच्यांनी मागे बसून फक्त एवढंच टिपावं, की मुलं चुकली तेव्हा त्याने काय केलं. त्यासाठी सगळ्यांत चांगला शिक्षक निवडू नका. गेल्या वर्षी ज्याला वर्ग आवरत नव्हता आणि आता आवरतो, असा निवडा.